अर्धे आम्ल, अर्धे अल्कोहोल : कानित्झारो अभिक्रिया आणि तिची दोन उत्पादिते

बेंझाल्डिहाइड हा कडू बदामाच्या वासाचा, रंगहीन, तेलकट द्रव आहे. पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या संहत द्रावणात तो घालून बाटली जोराने हलवली आणि रात्रभर ठेवून दिली, की सकाळी बाटलीत पांढरा, दाट लगदा दिसतो. बदामाचा वास बहुतेक गेलेला असतो. लगद्यात पाणी घालून तो विरघळवला आणि त्यातले घटक वेगळे केले, तर दोन नवे पदार्थ हाती येतात : एक बेंझाइल अल्कोहोल आणि दुसरा बेंझोइक आम्लाचा पोटॅशियम क्षार. बाहेरून ऑक्सिजन देणारे काही घातलेले नसते, हायड्रोजन देणारेही काही नसते. तरी अल्डिहाइडच्या निम्म्या रेणूंचे ऑक्सिडीकरण होऊन आम्ल तयार होते आणि उरलेल्या निम्म्यांचे क्षपण होऊन अल्कोहोल. एकाच पदार्थाचे रेणू आपसांत अशी देवघेव करून दोन विरुद्ध दिशांना जातात, त्याला विषमानुपातन म्हणतात.

ही गोष्ट 1853 साली स्तानिस्लाव कानित्झारो या इटालियन रसायनशास्त्रज्ञाने प्रसिद्ध केली. तो मूळचा सिसिलीतल्या पालेर्मोचा. 1848 च्या उठावात भाग घेतल्यामुळे त्याला मायदेश सोडावा लागला. पॅरिसमध्ये काही काळ काम करून तो उत्तर इटलीतल्या अलेस्सांद्रिया या गावी शिक्षक झाला आणि तिथे त्याने बेंझाल्डिहाइडवर पोटॅशचा प्रयोग केला. बेंझोइक आम्ल रसायनशास्त्रज्ञांना तेव्हा चांगले माहीत होते. त्याच्या जोडीचे अल्कोहोल मात्र या प्रयोगातून नव्याने हाती आले. पुढे 1860 च्या कार्ल्सरूह परिषदेत अणुभारांचा गोंधळ मिटवण्यात त्याचा मोठा वाटा होता आणि इतिहासात त्याचे नाव मुख्यतः त्यासाठी घेतले जाते. बारावीच्या विद्यार्थ्याला मात्र ते भेटते ते या अभिक्रियेमुळे.

अभिक्रियेची अट एका वाक्यात सांगितली जाते : अल्डिहाइडमध्ये अल्फा हायड्रोजन नसावा. हे वाक्य पाठ असूनही रेणूकडे पाहताना गफलत होते, म्हणून ते नीट उलगडून पाहिलेले बरे. अल्डिहाइडच्या टोकाला CHO हा गट असतो. त्यातल्या कार्बनला ऑक्सिजन दुहेरी बंधाने आणि एक हायड्रोजन एकेरी बंधाने जोडलेला असतो. हा हायड्रोजन अल्फा हायड्रोजन नव्हे. CHO ला लागून जो पुढचा कार्बन असतो तो अल्फा कार्बन, आणि त्याच्यावर असलेला हायड्रोजन तो अल्फा हायड्रोजन. ॲसिटाल्डिहाइडच्या CH3CHO या रेणूत अल्फा कार्बनवर तीन हायड्रोजन आहेत. बेंझाल्डिहाइडमध्ये अल्फा कार्बन हा बेंझीनच्या वलयाचाच एक कार्बन असतो. त्याचे सगळे बंध वलयात आणि CHO मध्ये गुंतलेले असतात, हायड्रोजनला जागाच नसते. वलयाच्या बाकी पाच कार्बनांवर हायड्रोजन आहेत, पण त्यांचा इथे काही संबंध नाही. फॉर्माल्डिहाइडमध्ये (HCHO) तर अल्फा कार्बनच नाही. पायव्हाल्डिहाइडमध्ये, म्हणजे (CH3)3CCHO मध्ये, अल्फा कार्बन आहे, पण त्याला तीन मिथिल गट चिकटलेले असल्याने हायड्रोजनला जागा उरत नाही. फरफ्युरालही याच पंगतीतले. उसाच्या चिपाडापासून किंवा मक्याच्या बुरकुंडापासून ते मिळते, त्याचे CHO ऑक्सिजनयुक्त वलयाला जोडलेले असते आणि अल्फा कार्बन वलयातलाच असतो.

अल्फा हायड्रोजन असला तर अडचण कोणती? हायड्रॉक्साइड आयनाला अल्डिहाइडवर दोन जागी काम करता येते. तो अल्फा कार्बनवरचा हायड्रोजन प्रोटॉनच्या रूपात ओढून घेऊ शकतो, किंवा CHO मधल्या कार्बनला स्वतः जाऊन चिकटू शकतो. अल्फा हायड्रोजन असेल तर प्रोटॉन निघाल्यावर मागे राहणारा ऋणभार शेजारच्या ऑक्सिजनपर्यंत पसरतो आणि रेणू स्थिर होतो. असा आयन लगेच दुसऱ्या अल्डिहाइड रेणूवर जाऊन जोडला जातो. ही अल्डॉल अभिक्रिया. तिला विरल अल्कली आणि थंड तापमानही पुरते. कानित्झारो अभिक्रियेचा निर्णायक टप्पा त्या मानाने बराच संथ असतो. म्हणून जिथे अल्फा हायड्रोजन आहे तिथे अल्डॉल आधी होऊन जाते. ॲसिटाल्डिहाइड संहत सोडियम हायड्रॉक्साइडबरोबर तापवले, तर आम्ल आणि अल्कोहोल न मिळता एकामागून एक अल्डॉल होत जाऊन पिवळी-तपकिरी, चिकट राळ उरते. थोडक्यात, ही अट दोन अभिक्रियांच्या शर्यतीतून आलेली आहे. CHO च्या अंगी असलेली देवघेवीची क्षमता अल्फा हायड्रोजनमुळे नाहीशी होत नाही, तिला वेळ मिळत नाही एवढेच.

CHO वरचा हायड्रोजन हायड्रॉक्साइड का ओढत नाही, हाही प्रश्न रास्त आहे. तो प्रोटॉन काढला तर मागे राहणारी इलेक्ट्रॉन-जोडी अशा दिशेला असते की तिला शेजारच्या दुहेरी बंधात पसरता येत नाही. त्यामुळे तो हायड्रोजन प्रोटॉन म्हणून सुटत नाही. पण पुढे तोच हायड्रोजन दुसऱ्या रूपात सुटतो आणि सगळी अभिक्रिया त्याच्यावर उभी आहे.

पहिल्या टप्प्यात हायड्रॉक्साइड आयन अल्डिहाइडच्या कार्बनला जोडला जातो. कार्बन-ऑक्सिजन दुहेरी बंध उघडतो आणि ऋणभार ऑक्सिजनवर येतो. आता या कार्बनभोवती चार गोष्टी आहेत : ऋणभारित ऑक्सिजन, OH, मूळचा हायड्रोजन आणि रेणूचा उरलेला भाग. हा मधला आयन अस्थिर असतो. त्याचा ऑक्सिजन पुन्हा दुहेरी बंध करू पाहतो आणि त्यासाठी कार्बनवरून काहीतरी जावे लागते. OH गेला तर अभिक्रिया उलटी फिरून मूळ अल्डिहाइड परत मिळते, आणि तसे सतत होतही असते. पण शेजारी दुसरा अल्डिहाइड रेणू योग्य अंतरावर आला तर आणखी एक वाट मोकळी होते. कार्बनवरचा हायड्रोजन आपल्या बंधातले दोन्ही इलेक्ट्रॉन घेऊन, म्हणजे हायड्राइड होऊन, थेट त्या दुसऱ्या रेणूच्या CHO कार्बनवर जातो. देणाऱ्या रेणूचे आम्ल होते. घेणाऱ्याच्या कार्बनवर आता दोन हायड्रोजन आणि एक ऋणभारित ऑक्सिजन असतो. शेवटी आम्ल आपला प्रोटॉन देते, अल्कोहोलचा आयन तो घेतो, आणि द्रावणात कार्बॉक्सिलेट आयन व अल्कोहोल उरतात. हा शेवटचा टप्पा मागे फिरत नाही. कार्बॉक्सिलेट आयन इतका स्थिर असतो की त्याच्यावर हायड्राइड परत चढत नाही.

हायड्रोजन एका रेणूवरून थेट दुसऱ्यावर जातो, पाण्यात मिसळून मग परत येत नाही, याला पुरावा आहे. 1938 मध्ये फ्रेडेनहागेन आणि बोनहोफर यांनी ही अभिक्रिया साध्या पाण्याऐवजी जड पाण्यात केली. जड पाण्यात हायड्रोजनच्या जागी ड्यूटेरियम असते. हायड्रोजन वाटेत पाण्यात उतरला असता, तर तयार झालेल्या अल्कोहोलच्या कार्बनवर ड्यूटेरियम सापडायला हवे होते. ते सापडले नाही. अल्कोहोलच्या कार्बनवरचे दोन्ही हायड्रोजन अल्डिहाइडमधूनच आलेले होते.

या यंत्रणेतून भाकिताचा पाया मिळतो, आणि तो फार साधा आहे. ज्या रेणूला हायड्रॉक्साइड चिकटतो तो हायड्राइड देतो आणि आम्ल होतो. ज्याला हायड्राइड मिळतो तो अल्कोहोल होतो. बाकीचे सगळे नियम यातूनच निघतात.

संहत अल्कली का लागते, तेही यातूनच समजते. अभिक्रियेचा वेग अल्डिहाइडच्या संहतीच्या वर्गाच्या आणि हायड्रॉक्साइडच्या संहतीच्या प्रमाणात असतो, कारण निर्णायक टप्प्यात दोन अल्डिहाइड रेणू आणि एक हायड्रॉक्साइड यांचा सहभाग असतो. एकजीव द्रावणात सगळेच घटक दहापट विरल केले, तर वेग हजारपट कमी होतो. शिवाय अल्कली फारच संहत असेल तर मधल्या आयनावरच्या OH चा प्रोटॉनही निघून जातो आणि त्याच्यावर दुहेरी ऋणभार येतो. असा आयन हायड्राइड आणखी सहज देतो. त्या स्थितीत वेग हायड्रॉक्साइडच्या संहतीच्याही वर्गाप्रमाणे वाढू लागतो. म्हणून 40 ते 50 टक्के अल्कलीत एका रात्रीत उरकणारे काम 2 टक्के अल्कलीत झालेच नाही असे वाटावे, इतके मंद होते.

आता बेंझाल्डिहाइडचा प्रयोग आकड्यांसह पाहू. समीकरण असे :

2 C6H5CHO + KOH → C6H5COOK + C6H5CH2OH

बेंझाल्डिहाइडचा रेणुभार 106 आहे. 10.6 ग्रॅम घेतले तर ते 0.1 मोल होते. दोन रेणूंमागे एक आम्ल आणि एक अल्कोहोल मिळत असल्याने प्रत्येकाचे जास्तीत जास्त 0.05 मोल मिळेल : बेंझाइल अल्कोहोल (रेणुभार 108) 5.4 ग्रॅम आणि आम्लीकरणानंतर बेंझोइक आम्ल (रेणुभार 122) 6.1 ग्रॅम. दोन्ही मिळून 11.5 ग्रॅम होतात, घेतलेल्या अल्डिहाइडपेक्षा 0.9 ग्रॅम जास्त. हे 0.9 ग्रॅम म्हणजे 0.05 मोल पाणी. सगळा हिशेब केला तर दोन अल्डिहाइड रेणूंत पाण्याचा एक रेणू मिळालेला असतो. कागदावरचे उत्तर बरोबर आहे की नाही हे पाहण्याची ही चांगली कसोटी आहे : दोन्ही उत्पादितांच्या सूत्रांची बेरीज दोन अल्डिहाइड अधिक एक पाणी एवढी यायला हवी.

समीकरणानुसार 0.05 मोल पोटॅशियम हायड्रॉक्साइड पुरेसे आहे. प्रयोगात मात्र सुमारे 10 ग्रॅम, म्हणजे त्याच्या तिपटीहून जास्त, जेमतेम 10 मिलिलिटर पाण्यात विरघळवून घेतात, कारण हवी असते ती संहती. हायड्रॉक्साइड पाण्यात विरघळताना बरीच उष्णता निघते, म्हणून द्रावण आधी थंड करून घ्यावे लागते. मग शंक्वाकृती चंबूत त्यात बेंझाल्डिहाइड घालून रबरी बूच लावतात. काचेचे बूच लावू नये. संहत अल्कली काचेच्या घासलेल्या पृष्ठभागाला धरते आणि बूच कायमचे अडकून बसते. बेंझाल्डिहाइड पाण्यात फारसे विरघळत नाही, म्हणून मिश्रण दुधासारखे एकजीव दिसेपर्यंत हलवावे लागते. इथे आळस झाला तर तेलाचा थर वर तसाच राहतो आणि दुसऱ्या दिवशी बराचसा अल्डिहाइड जसाच्या तसा मिळतो. अपयशाचे सर्वांत सामान्य कारण हेच. हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा हे अर्थातच हवे, कारण एवढी संहत अल्कली डोळ्यात उडाली तर इजा कायमची होऊ शकते.

चोवीस तासांनी दाट झालेल्या लगद्यात पोटॅशियम बेंझोएटचे स्फटिक असतात. ते जेमतेम विरघळतील एवढेच पाणी घालतात आणि मिश्रण विलगकारी नरसाळ्यात घेऊन इथरबरोबर दोन-तीनदा हलवतात. बेंझाइल अल्कोहोल इथरमध्ये जाते, बेंझोएट आयन पाण्यात राहतो. दोन उत्पादिते इतक्या सहज वेगळी होतात याचे कारण म्हणजे एकावर विद्युतभार आहे आणि दुसऱ्यावर नाही. इथरच्या थरात न बदललेला अल्डिहाइडही उतरलेला असू शकतो. तो काढण्यासाठी थर सोडियम बायसल्फाइटच्या संहत द्रावणाने धुतात. या वेळी पांढरा, स्फटिकी गाळ भरपूर आला तर समजावे की अभिक्रिया अर्धवट राहिली. मग इथरचा थर निर्जल मॅग्नेशियम सल्फेटने कोरडा करतात, इथर गरम पाण्यावर, जवळपास कोठेही ज्योत नसताना, उडवून देतात आणि उरलेल्या द्रवाचे ऊर्ध्वपातन करतात. बेंझाइल अल्कोहोल 205 अंश सेल्सियसच्या आसपास उकळते. बेंझाल्डिहाइडचा उत्कलनबिंदू 179 अंश असल्याने त्या तापमानाला काही उतरू लागले, तर बायसल्फाइटने धुणे पुरे झालेले नाही.

पाण्याच्या थरात संहत हायड्रोक्लोरिक आम्ल हळूहळू, थंड करत घातले की बेंझोइक आम्ल पांढऱ्या गाळाच्या रूपात खाली बसते. लिटमस नीट लाल होईपर्यंत आम्ल घालायला हवे, नाहीतर काही बेंझोएट विरघळलेलेच राहते आणि गाळाबरोबर फेकले जाते ते पाणी खरे तर उत्पादिताचे असते. गाळून घेतलेले आम्ल गरम पाण्यातून पुन्हा स्फटिकीभूत करतात. शुद्ध बेंझोइक आम्ल 122 अंशांना वितळते.

वजने केल्यावर आम्ल आणि अल्कोहोल यांचे मोल सारखे यावेत अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात आम्ल जास्त भरते, कधी कधी 6.1 ग्रॅमच्याही वर. आम्ल कोरडे असेल आणि 122 अंशांना वितळत असेल, तर दोष बाटलीतल्या अल्डिहाइडकडे असतो. बेंझाल्डिहाइड हवेतल्या ऑक्सिजनने आपोआप बेंझोइक आम्लात बदलत जाते. जुन्या बाटलीच्या तोंडाशी पांढरे स्फटिक जमलेले दिसतात ते हेच. म्हणून प्रयोगासाठी अल्डिहाइड ताजे ऊर्ध्वपातित केलेले घ्यावे, किंवा निदान सोडियम कार्बोनेटच्या द्रावणाने धुऊन घ्यावे. अल्कोहोल कमी भरण्याला दुसरेही साधे कारण आहे : ते पाण्यात थोडे विरघळते आणि इथरने एकदाच काढले तर मागे राहून जाते.

एका अल्डिहाइडचे भाकीत यात संपते. R–CHO असेल तर R–CH2OH आणि R–COO⁻, कार्बनांची संख्या दोन्हीकडे तीच. फॉर्माल्डिहाइडपासून मिथेनॉल आणि फॉर्मेट, फरफ्युरालपासून फरफ्युराइल अल्कोहोल आणि फ्युरोइक आम्लाचा क्षार, पायव्हाल्डिहाइडपासून निओपेंटाइल अल्कोहोल आणि पायव्हॅलेट. अडचण आहे ती फायद्याची. हवे असते ते बहुधा फक्त अल्कोहोल, आणि निम्मा अल्डिहाइड आम्ल होऊन जातो.

यावरचा उपाय म्हणजे दोन वेगवेगळी अल्डिहाइडे एकत्र घेणे आणि त्यांतले एक फॉर्माल्डिहाइड असणे. बेंझाल्डिहाइड आणि फॉर्माल्डिहाइड संहत अल्कलीत एकत्र ठेवले तर कोणाचे काय होईल, हे ठरवायला वरचा एकच प्रश्न पुरतो : हायड्रॉक्साइड आधी कोणाला चिकटेल? फॉर्माल्डिहाइडच्या कार्बनवर दोन छोटे हायड्रोजन आहेत. वाट अडवायला मोठा गट नाही, कार्बनला इलेक्ट्रॉन पुरवून त्याची ओढ कमी करायला वलय नाही. पाण्यातही फॉर्माल्डिहाइड जवळजवळ सगळेच्या सगळे पाण्याशी जोडलेल्या रूपात असते, इतका त्याचा कार्बन अशा जोडणीला उत्सुक असतो. त्यामुळे हायड्रॉक्साइड फॉर्माल्डिहाइडला चिकटतो, हायड्राइड बेंझाल्डिहाइडला मिळतो, आणि मुख्य उत्पादिते होतात सोडियम फॉर्मेट आणि बेंझाइल अल्कोहोल :

C6H5CHO + HCHO + NaOH → C6H5CH2OH + HCOONa

आता 10.6 ग्रॅम बेंझाल्डिहाइडपासून जास्तीत जास्त 10.8 ग्रॅम अल्कोहोल मिळू शकते, आधीच्या दुप्पट. प्रयोगशाळेत फॉर्मालिन समीकरणापेक्षा जास्त घेतात, कारण काही फॉर्माल्डिहाइड आपसांतच देवघेव करून वाया जाते. पॅरा-टोल्युअल्डिहाइडपासून पॅरा-टोलाइल अल्कोहोल अशाच रीतीने, फॉर्मालिन आणि मिथेनॉलमधले पोटॅशियम हायड्रॉक्साइड वापरून करता येते. अशा मिश्र अभिक्रियेत फॉर्माल्डिहाइड असेल तर आम्ल त्याचेच, हे निःशंक लिहावे.

दोन्ही अल्डिहाइडे सुगंधी वलयांची असतील तर भाकीत करता येते, पण ते तितके ठाम नसते. पॅरा-नायट्रोबेंझाल्डिहाइड आणि पॅरा-मेथॉक्सीबेंझाल्डिहाइड घेतले, तर नायट्रो गट वलयातून इलेक्ट्रॉन ओढून घेतो आणि CHO चा कार्बन अधिक धनभारित होतो. मेथॉक्सी गट उलट इलेक्ट्रॉन पुरवतो. हायड्रॉक्साइड नायट्रोच्या रेणूकडे जाईल, म्हणून आम्ल मुख्यतः नायट्रोबेंझोइक आणि अल्कोहोल मुख्यतः मेथॉक्सीचे. तरीही बाटलीत चारही शक्य उत्पादिते कमीअधिक प्रमाणात असतात. परीक्षेत ‘मुख्य उत्पादिते’ विचारली तर वरचे उत्तर योग्य; शुद्ध पदार्थ हवा असेल तर ही वाट टाळणेच शहाणपणाचे.

अल्डॉल आणि कानित्झारो या दोन अभिक्रिया एकाच भांड्यात, एकीमागून एक कशा होतात याचे सर्वांत सुंदर उदाहरण म्हणजे पेंटाएरिथ्रिटॉल. बर्नहार्ड टोलेन्स आणि विगांट यांनी ते 1891 मध्ये वर्णिले. सुरुवात होते ॲसिटाल्डिहाइडपासून, ज्याला तीन अल्फा हायड्रोजन आहेत, म्हणजे ज्याला कानित्झारो अभिक्रिया वर्ज्य. त्यात भरपूर फॉर्माल्डिहाइड आणि चुन्याचे किंवा सोडियम हायड्रॉक्साइडचे द्रावण असते. अल्कली एक अल्फा हायड्रोजन काढते, त्या जागी फॉर्माल्डिहाइड येऊन CH2OH गट बसतो. मग दुसरा, मग तिसरा. तीन अल्डॉल पूर्ण झाल्यावर रेणू होतो (HOCH2)3CCHO. याच्या अल्फा कार्बनवर आता एकही हायड्रोजन उरलेला नाही. अल्डॉलची वाट संपली, आणि भोवती फॉर्माल्डिहाइड आहेच. चौथा फॉर्माल्डिहाइड रेणू हायड्रॉक्साइड घेतो, हायड्राइड देऊन फॉर्मेट होतो, आणि CHO चे CH2OH होते. एकूण समीकरण असे :

CH3CHO + 4 HCHO + NaOH → C(CH2OH)4 + HCOONa

मध्यभागी एक कार्बन आणि चारही बाजूंना CH2OH, असा हा सममित रेणू. अल्किड रेझिनच्या ऑइल पेंटमध्ये तो मोठ्या प्रमाणावर वापरला जातो, आणि त्याच्यापासून होणारे टेट्रानायट्रेट हे प्रबळ स्फोटक आहे. हे करताना तापमान सांभाळावे लागते. सुरुवातीलाच मिश्रण 55 अंशांच्या वर गेले, किंवा ॲसिटाल्डिहाइड एकदम ओतले, तर ॲसिटाल्डिहाइड फॉर्माल्डिहाइडची वाट न पाहता आपसांत जोडले जाते आणि द्रावण पिवळे पडू लागते. तो पिवळेपणा म्हणजे राळ होऊ लागल्याची खूण.

कधी देणारा आणि घेणारा एकाच रेणूत असतात. ग्लायॉक्झालमध्ये दोन CHO शेजारी शेजारी आहेत. हायड्रॉक्साइड एकाला चिकटतो, हायड्राइड शेजारच्या कार्बनवर सरकतो, आणि ग्लायकोलेट हे एकच उत्पादित मिळते, ज्याच्या एका टोकाला आम्ल आणि दुसऱ्या टोकाला अल्कोहोल असते. फिनाइलग्लायॉक्झालमध्ये (C6H5COCHO) एक कीटोन आणि एक अल्डिहाइड आहे. हायड्रॉक्साइड अधिक उघड्या अल्डिहाइड कार्बनवर जातो, म्हणून आम्ल त्या टोकाला होते आणि कीटोनच्या जागी अल्कोहोल. उत्पादित : मँडेलिक आम्लाचा क्षार. इथे दुसऱ्या रेणूची गाठ पडावी लागत नाही, त्यामुळे वेग अल्डिहाइडच्या संहतीच्या वर्गावर अवलंबून राहत नाही आणि सौम्य अल्कलीतही काम होते.

अल्फा हायड्रोजन नसणे ही अट आवश्यक असली तरी पुरेशी नाही, हे दोन उदाहरणांतून स्पष्ट होते. क्लोरल, CCl3CHO, याच्या अल्फा कार्बनवर तीन क्लोरीन आहेत, हायड्रोजन एकही नाही. हायड्रॉक्साइड CHO ला चिकटतोही. पण मधल्या आयनातून हायड्राइडपेक्षा CCl3 गट सहज सुटतो, कारण तीन क्लोरीनमुळे त्याला ऋणभार पेलता येतो. त्याला प्रोटॉन मिळून क्लोरोफॉर्म होते आणि दुसरीकडे फॉर्मेट उरते :

CCl3CHO + NaOH → CHCl3 + HCOONa

कार्बन-कार्बन बंधच तुटतो. ट्रायक्लोरोइथेनॉल आणि ट्रायक्लोरोॲसिटेट हे उत्तर इथे चूक ठरते.

दुसरे उदाहरण व्हॅनिलिनचे, ज्याच्यामुळे व्हॅनिला आइस्क्रीमला वास येतो. ते सुगंधी अल्डिहाइड आहे, अल्फा हायड्रोजन नाही, तरी नेहमीच्या परिस्थितीत संहत अल्कलीत कानित्झारो अभिक्रिया देत नाही. त्याच्या वलयावर CHO च्या समोरच एक OH गट आहे. अल्कली टाकताच सर्वांत आधी या OH चा प्रोटॉन जातो, कारण ते काम सर्वांत सोपे असते. मागे राहिलेला ऋणभारित ऑक्सिजन वलयामार्फत CHO च्या कार्बनकडे इलेक्ट्रॉन ढकलतो. कार्बनची ओढ इतकी कमी होते की ऋणभारित हायड्रॉक्साइडला त्याच्याकडे जाण्याचे कारणच उरत नाही. पॅरा-हायड्रॉक्सीबेंझाल्डिहाइडचेही तसेच. उत्पादिते लिहिण्याआधी अल्फा कार्बन पाहावा हे खरे, पण त्यानंतर वलयावर, CHO च्या समोर किंवा शेजारी, मोकळा OH आहे का आणि अल्फा कार्बनवर तीन हॅलोजन आहेत का, हेही विद्यार्थ्यांनी जरूर तपासावे.